मदत हवी आहे: दहावीची मुलं सारांश लिहिताना उतारा नुसता कापतात

खडूफळा:
दहावीला मराठी शिकवते. उताऱ्याचा एकतृतीयांश सारांश म्हटलं की मुलं मधली वाक्यं गाळतात आणि उरलेली तशीच उतरवतात. सरावासाठी मीच लिहिलेला उतारा (५७ शब्द):

"खाडीच्या काठाला तिवर, चिप्पी, कांदळ अशी झाडे दाट वाढतात. भरतीच्या वेळी ती अर्धी पाण्यात असतात. त्यांच्या मुळांच्या जाळीत खेकडे, कोळंबी आणि बोय माशांची पिल्ले वाढतात. मुळे चिखल धरून ठेवतात, त्यामुळे किनारा झिजत नाही. पण या जागेला आपण पडीक समजतो. कोणी राडारोडा टाकतो, कोणी जळणासाठी फांद्या तोडतो. झाडे गेली की मासळी कमी होते आणि उधाणाचे पाणी शेतात शिरते."

एका मुलाचं उत्तर: "खाडीच्या काठाला तिवर, चिप्पी, कांदळ अशी झाडे वाढतात. मुळांच्या जाळीत खेकडे, कोळंबी, मासे वाढतात. उधाणाचे पाणी शेतात शिरते."

१८ शब्द, म्हणजे माप बरोबर. पण पाणी शेतात का शिरलं, ते कुठेच नाही. हे त्याला समजवायचं कसं?

निवांत:
पहिलं आणि शेवटचं वाक्य अधोरेखित करायला सांगा, उदाहरणं सगळी उडवा. आम्ही असंच शिकलो.

जुना मास्तर:
निवांत, त्या मुलानं जवळपास तेच केलंय! इथलं पहिलं वाक्य नुसतं वर्णन आहे. उतारा वळतो तो "पण"पाशी.

बाई, मी आधी उतारा दोनदा वाचायला लावतो आणि पुस्तक मिटवून विचारतो, "लेखकाची तक्रार काय आहे रे?" मुलं तोंडी बरोबर सांगतात: झाडं कामाची आहेत आणि आपण ती घालवतोय. ते वाक्य कच्चं लिहून घ्यायचं. मग उताऱ्यातल्या एकेका वाक्यावर बोट ठेवून विचारायचं, हे काढलं तर ती तक्रार लंगडी पडते का? भरतीचं वाक्य गेलं तरी काही बिघडत नाही. चिखल धरण्याचं काढलं तर उधाणाचं कारणच जातं.

उदाहरणं मात्र उडवू नका, त्यांना एका नावाखाली घ्या. तिवर, चिप्पी, कांदळ म्हणजे खारफुटी. राडारोडा आणि तोड म्हणजे नष्ट करणं. मग असं होतं:

"खारफुटी मासळी वाढवते, किनारा राखते, पण जागा पडीक समजून आपण ती नष्ट करतो आणि त्याचा फटका मासेमारीला, शेतीला बसतो."

१९ शब्द. शब्द शेवटी मोजायचे. आधीच मोजायला बसली की मुलं जोडणारे शब्द खातात, "म्हणून", "पण" पहिले जातात.

आईच ती:
माझी मुलगी शेवटी "म्हणून आपण झाडे वाचवली पाहिजेत" असं घालतेच. मार्क जातात का? आणि कवितेच्या रसग्रहणालाही हीच पद्धत चालेल?

जुना मास्तर:
रसग्रहण वेगळं, तिथे तिचं मत हवंच. इथे उताऱ्यात नाही ते लिहायचं नाही. मी असतो तर कापले असते.

खडूफळा:
उद्या पुस्तक मिटवून बघते. "जागा पडीक समजून" ठेवायलाच हवं का, यावर मात्र मी अजून अडले आहे. ते काढलं तरी तक्रार उभी राहते ना?

जुना मास्तर:
राहते, पण मग लोक झाडं का तोडतात ते कळत नाही. मी ठेवेन.