मदत हवी आहे: वेटर वारंवार उशिरा येतो, लेखी ताकीद कशी द्यावी?

भरीतभाकरी
जळगावात आमचं शेवभाजी-भरिताचं छोटं हॉटेल आहे. माझ्यासकट नऊ जण राबतो. एक वेटर तीन वर्षांपासून आहे, धरणगावकडच्या खेड्यातून दुचाकीने येतो. हात चांगला, बोलणं गोड, नेहमीची गिऱ्हाइकं त्याचंच टेबल मागतात. पण ड्युटी साडेदहाची आणि हा येतो अकरा, सव्वा अकराला. जानेवारीत नऊ वेळा झालं.

साडेदहा ते अकरा हीच आमची तयारीची वेळ असते. बारा टेबलं पुसायची, जग भरायचे, कांदा-लिंबू कापून ठेवायचं. हा नसला की सगळं दुसऱ्या वेटरवर पडतं. परवा तो मला म्हणाला, "शेठ, मग मीबी अकराला येऊ का?" मला उत्तर सुचलं नाही.

मी तीनदा बोललो. दोनदा, 10 आणि 20 जानेवारीला, बाजूला घेऊन, तिसऱ्यांदा 23 तारखेला काउंटरवर सगळ्यांसमोर. ते चुकलंच माझं, पोरगं दिवसभर मान खाली घालून वाढत होतं. आता लेखी द्यायचं आहे. कच्चा मजकूर असा:

"तुम्ही नेहमीच उशिरा येता. तुमच्या आळशीपणामुळे हॉटेलचे नुकसान होत आहे. यापुढे असे झाल्यास पूर्वसूचना न देता कामावरून काढण्यात येईल."

बरोबर आहे का? त्याला घालवायचं नाही, पण बाकीच्यांवर अन्यायही नको.

धुळ्याचा_भाऊ
एवढं लिहीत कशाला बसता? उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार कापा, आठवड्यात सरळ होतो. पत्र द्यायचंच असेल तर रजिस्टर एडीने घरी पाठवा. हातात दिलेलं पत्र पुढे कोणी मानत नाही.

तापीकाठ
भाऊ, पत्र दिल्याचा पुरावा हवा हे बरोबर, पण पगाराचं तसं नाही. चाळीस मिनिटं उशीर झाला तर चाळीस मिनिटांचाच पगार कापता येतो. त्यापेक्षा जास्त कापलं की तो दंड ठरतो. दंडाला आधी माणसाचं म्हणणं ऐकावं लागतं आणि वरची मर्यादा पगाराच्या 3 टक्के आहे. अर्धा दिवस कापलात तर उद्या तक्रार त्याची असेल आणि चूक तुमची. रजिस्टर्ड पोस्टही आता वेगळं राहिलेलं नाही. 2025 मध्ये ते स्पीड पोस्टात विलीन झालं. गरज पडली तर स्पीड पोस्ट करा आणि पोचपावती मागा. पण पहिल्यांदा हातातच द्यावं.

भरीतभाकरी, मी बरीच वर्षं कारखान्यात हजेरी आणि आस्थापनेचं काम केलं. तुमच्या मजकुरातला "नेहमीच" हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. तो एक दिवस जरी वेळेवर आला असेल तरी पत्र खोटं पडतं. तिथे तारखा आणि मिनिटं हवीत. "आळशीपणा" हा त्याच्या स्वभावावरचा शेरा आहे. तुम्ही पाहिलाय तो उशीर, तेवढाच लिहा. आणि "पूर्वसूचना न देता काढू" म्हणजे तुम्ही ऐकायच्या आधीच निकाल दिलात.

लिहिण्याआधी रजिस्टर उघडा. साडेदहाची वेळ कुठे लिहून लावली आहे का? उशिराने आल्याची नेमकी वेळ मांडली आहे की नुसती "ह" मारली आहे? ज्या सकाळी उशीर झाला, त्याच्या आदल्या रात्री हॉटेल बंद कोणी केलं? आणि बाकीचे खरंच वेळेवर येतात का? ताकीद एकालाच दिली आणि दुसऱ्याच्या उशिराकडे काणाडोळा केला, तर ते पत्र टिकत नाही.

केळीचा_घड
आमच्याकडे वेगळंच झालंय. ढाब्यावरच्या वेटरने आठ हजार उचल घेतली आणि आता हवं तेव्हा येतो. त्याला असंच पत्र द्यावं का? उचल फिटेपर्यंत बोलायची सोय नाही.

तापीकाठ
उचल आणि उशीर एका पत्रात घालू नका. उचलीचा हिशोब वेगळ्या कागदावर, त्याच्या सहीने. एका पत्रात दोन तक्रारी आल्या की माणूस सोपी तेवढी धरतो आणि दुसरी बाजूला राहते.

भरीतभाकरी
रजिस्टर काढून बसलो. वेळ मुदपाकखान्याच्या दाराशी लावलेली आहे आणि येण्याची वेळ माझ्या मुलाने मांडलेली आहे, नशीब. नऊपैकी चार दिवशी आदल्या रात्री बंद करायची पाळी याचीच होती. भरिताचा हंगाम, रात्रीचे साडेबारा होतात. तिथून गावी जायचं आणि सकाळी साडेदहाला हजर राहायचं. खरं सांगतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. उरलेले पाच दिवस: 6 तारखेला 40 मिनिटं, 9 ला 30, 14 ला 55, 19 ला 25, 22 ला 45. बाकीच्यांपैकी एक पोळीवाल्या बाई दोनदा उशिरा, दोन्ही वेळा फोन केला होता.

तापीकाठ
मग ते चार दिवस सोडून द्या. पाच उरतात आणि तेवढे पुरे आहेत. पत्र असं लिहा:

"आपली कामाची वेळ सकाळी 10.30 आहे. हजेरी रजिस्टरनुसार जानेवारीत आपण 6 तारखेला 40, 9 ला 30, 14 ला 55, 19 ला 25 आणि 22 ला 45 मिनिटे उशिरा आलात. आदल्या रात्री हॉटेल बंद करण्याची पाळी आपली होती ते दिवस यात धरलेले नाहीत. याबाबत 10 व 20 जानेवारीला आपल्याशी तोंडी बोलणे झाले होते. आपण वेळेवर न आल्याने तयारीचे काम दुसऱ्या सहकाऱ्यावर पडते. आपले म्हणणे तीन दिवसांत सांगावे. तोंडी सांगितल्यास ते लिहून आपली सही घेतली जाईल. यापुढे 10.30 ला हजर राहावे. अडचण असल्यास 9.30 पर्यंत फोन करावा. पुन्हा असे घडल्यास पुढचा निर्णय घेताना हे पत्र विचारात घेतले जाईल, मात्र त्याआधी आपले म्हणणे ऐकले जाईल."

खाली तुमची सही, तारीख आणि "पत्र मिळाले" एवढंच लिहून त्याची सही. "मान्य आहे" असं लिहून घेऊ नका, सही करायला घाबरतो. त्याने नकार दिलाच तर तिथेच कागदावर तसं लिहा, हजर असलेल्या दोघांच्या सह्या घ्या आणि मग स्पीड पोस्ट. एक प्रत त्याला, एक फाइलला. हॉटेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. 23 तारखेसारखंच होईल.

धुळ्याचा_भाऊ
फोन केला की उशीर चालतो, असं रोज होईल हं. रोज साडेनऊला फोन येईल.

तापीकाठ
येऊ शकतो. म्हणून फोनही रजिस्टरला मांडायचे, त्याचे आणि पोळीवाल्या बाईंचेही.

भरीतभाकरी
काल दुपारी चारला, गिऱ्हाईक ओसरल्यावर, मागच्या खोलीत बसवून पत्र वाचून दाखवलं. आधी माफी मागितली, 23 तारखेसाठी. त्याने "मिळाले" लिहून सही केली. आज सकाळी स्वतःच्या हाताने अर्ध्या पानाचं उत्तर आणलं. घरी दोन एकर गहू आहे, म्हातारे वडील आहेत. ज्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसा असते तेव्हा सकाळी मोटर चालू करून पाण्याची बारी लावूनच निघता येतं. पाचपैकी चार दिवस त्याच आठवड्यांतले आहेत, मी ताडून पाहिलं. 14 तारखेचं कारण त्याने लिहिलेलं नाही.

उत्तर पत्राला टाचून फाइलला लावलं. बंद करायची पाळी आता फिरती केली, बंद करणाऱ्याने दुसऱ्या दिवशी साडेअकराला यायचं.

गव्हाचं मात्र अडलंय. गहू निघेपर्यंत, म्हणजे मार्चपर्यंत, दिवसाच्या लाईटच्या आठवड्यांत त्याला अकराची वेळ द्यावी आणि तेवढा वेळ रात्री भरून घ्यावा असं मनात आहे. पण दुसऱ्या वेटरच्या घरीही शेत आहे. त्याला काय सांगू?

केळीचा_घड
आधी त्यालाच विचारा ना भाऊ. दोघांची लाईट एकाच आठवड्यात येते का ते बघा. फीडर वेगळे असले तर आलटून पालटून जमेल.

भरीतभाकरी
हे विचारलंच नव्हतं. आज रात्री दोघांना सोबत बसवतो.