खोली ११ फूट ६ इंच बाय १३ फूट ४ इंच, टाइल्सचे बॉक्स किती?

फोंडेकर_नवे_घर: हॉलला ६०० बाय ६०० मिमीच्या टाइल्स घालायच्या आहेत. बॉक्सवर ४ नग, १.४४ चौ.मी. असं छापलंय. घरच्यांनी चौरस फुटांना ३.२८ ने भागलं तर ३३ बॉक्स येतात, दुकानदार १० म्हणतो. खरं काय?

ओळंबा: ३.२८ हा लांबीचा आकडा. क्षेत्रफळाला तो दोनदा लागतो, म्हणून १०.७६४ ने भागायचं. तुमची खोली ११.५ गुणिले १३.३३, म्हणजे १५३.३ चौ. फूट, म्हणजेच १४.२५ चौ.मी. इंच दशांशात लिहिताना जपा: ६ इंच म्हणजे ०.५ फूट, ४ इंच म्हणजे ०.३३. थेट ११.६ आणि १३.४ घेतलं की हिशेब तिथेच चुकतो.

पाटो_ते_पेडणे: एवढं कशाला? १० ने भागा. १५.३ येतात, तुटफूट त्यातच धरली जाते. ११ बॉक्स.

ओळंबा: इथे जमलं, कारण १० ने भागल्यावर आकडा साडेसात टक्के फुगतो. उलट करताना हाच आकडा दगा देतो. चौ.मी.ला १० ने गुणून चौ. फूट काढलेत तर माल कमी पडेल.

म्हापसाकर७: माझ्या फ्लॅटच्या कागदावर ६२ चौ.मी. आहे. त्यावरूनच ऑर्डर देऊ ना?

ओळंबा: नको. त्यात भिंतींची जाडी, बाल्कनी, कधी जिन्याचा वाटाही धरलेला असतो. प्रत्येक खोली आतून मोजा.

फोंडेकर, दुकानदाराचे १० बॉक्स म्हणजे ४० नग, ते पुरणार नाहीत. टेप मीटरच्या बाजूने धरा: ३.५०५ बाय ४.०६४. रुंदीत पाच अख्ख्या टाइल्स आणि साधारण ५० सेंमीचा तुकडा, लांबीत सहा अख्ख्या आणि ४६ सेंमीचा तुकडा. तुकड्यालाही नवीनच टाइल कापावी लागते, कारण उरलेली ९ ते १४ सेंमीची पट्टी जमिनीला उपयोगी नाही. सहा गुणिले सात, ४२ नग. घर जुनं चिऱ्यांचं असेल तर भिंती काटकोनात नसतात. दोन्ही टोकांना आणि मधोमध मोजा, सर्वांत मोठं माप धरा.

मेस्ताची_सून: स्कर्टिंग विसरलात! दार वगळून सव्वाचौदा मीटर होतं.

ओळंबा: बरोबर. ३ इंची असेल तर त्या उरलेल्या पट्ट्यांतून साडेसहा मीटरच्या आसपास निघेल, बाकीच्याला दोन टाइल्स. म्हणजे ११ बॉक्सचे ४४ नग तिथेच संपले, फुटीला एकही शिल्लक नाही. मी १२ घेईन.

पाटो_ते_पेडणे: मेस्त चांगला असेल तर ११ पुरतात. बारावा कोपऱ्यात पडून राहतो.

ओळंबा: राहू दे. नंतर एखादी टाइल तडकली की त्याच बॅचची मिळेलच असं नाही, आणि शेड बदलली की हॉलच्या मधोमध ठिगळ दिसतं. बारा बॉक्स घेताना प्रत्येकावरचा बॅच नंबर आणि शेड दुकानातच जुळवून घ्या.

फोंडेकर_नवे_घर: दारासमोरची भिंत थोडी तिरकी वाटतेय. उद्या तिन्ही ठिकाणी मोजून आकडे टाकतो.