मदत हवी आहे: जर्मन मेल परत मराठीत आणला तर अर्थ बदलतो, चूक जातानाची की येतानाची?

शिरोलीकर
नमस्कार. आमच्या कारखान्यातून एका जर्मन ग्राहकाला मशीनिंग केलेली कास्टिंग जातात. मागच्या खेपेतील काही जॉबमध्ये ब्लोहोल म्हणजे धातूतल्या पोकळ्या निघाल्यामुळे त्यांना मेल पाठवायचा आहे. मी मजकूर मराठीत लिहितो, यंत्राकडून त्याचे जर्मन करून घेतो आणि पाठवण्यापूर्वी ते जर्मन त्याच यंत्राने पुन्हा मराठीत आणून मुळाशी ताडून पाहतो. या वेळी मूळ वाक्य असे होते: "सदोष जॉबची भरपाई पुढच्या खेपेत करू आणि हवाई भाड्याचे आपण नंतर ठरवू." परत आले ते असे: "सदोष भागांची नुकसानभरपाई आम्ही पुढील खेपेत देऊ आणि हवाई वाहतुकीचा खर्च आम्ही नंतर ठरवू."

मला बदली जॉब पाठवायचे आहेत, पैसे द्यायचे नाहीत; आणि भाडे दोन्ही कंपन्यांनी बोलून ठरवायचे आहे. जर्मन मजकूरच चुकला आहे की तो मराठीत परत आणताना बिघडला, हे जर्मन न येणाऱ्या माणसाने कसे ओळखावे?

मेकॅनिकल९
मूळ मजकूर इंग्रजीत लिहिला तर हा प्रश्न येणारच नाही. इंग्रजी-जर्मन जोडी यंत्रांना चांगली जमते. परत आणलेला मजकूर मुळाशी जुळला की निर्धास्तपणे पाठवावा.

भाषांतरकार_पुणे
शिरोलीकर साहेब, तुमच्या वाक्यात दोन वेगवेगळे बिघाड आहेत. जर्मन मजकुरात 'एन्टशेडिगुंग' हा शब्द आला आहे का ते पाहा. आला असेल तर चूक जातानाची आहे, कारण त्याचा अर्थ सहसा पैशातील भरपाई असा होतो. तुम्हाला 'एर्झात्सलिफेरुंग' म्हणजे बदली माल हवा आहे. संशय आलेला तेवढाच शब्द जर्मन-इंग्रजी शब्दकोशात पाहिला की हे कळते, त्यासाठी भाषा येण्याची गरज नाही.

'आपण'चे तसे नाही. जर्मनमध्ये आम्ही आणि आपण या दोहोंना 'व्हिअर' हा एकच शब्द आहे, त्यामुळे भेद जातानाच पुसला गेला आणि परतताना यंत्राने त्यातला एक अर्थ निवडला. जर्मन वाक्य व्याकरणाने चूक नाही, पण वाचणारा ते पुरवठादार एकटा ठरवणार असेच समजेल. इंग्रजीतही हीच अडचण राहते, म्हणून मेकॅनिकल९ यांचा उपाय निम्माच लागू पडतो. येथे सर्वनाम टाळून "तुमची कंपनी आणि आमची कंपनी" असेच लिहावे लागेल.

आणखी एक गोष्ट. परतीसाठी तेच यंत्र वापरू नका. ते स्वतःची चूक स्वतःच सरळ करून दाखवते आणि खोटी जुळणी मिळते. १९७० मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ब्रिस्लिन यांनी प्रश्नावल्यांसाठी ही पद्धत मांडली, तेव्हाही परतीचे भाषांतर मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाने करावे अशीच अट होती. मजकूर जुळला म्हणजे निर्धास्त, हेही खरे नाही. "पुढच्या शुक्रवारी" हे जाऊन जसेच्या तसे परत येते, पण 'नेक्स्टन फ्रायटाग' म्हणजे येणारा शुक्रवार की त्यानंतरच्या आठवड्यातला, यावर जर्मन माणसांतही एकमत नसते. तेथे तारीखच घालावी.

द्राक्षबाग
आमचा माल नेदरलँड्सला जातो. मेलमध्ये "१.२५० टन" असे लिहिले होते. भाषांतराने आकड्याला हात लावला नाही, परतीतही तोच आकडा आला, म्हणून पाठवला. तिकडे दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब असते, म्हणून ग्राहकाने साडेबाराशे टन आहे का, असे विचारले. आता आम्ही "१२५० किलो" असे मध्ये कोणतेही चिन्ह न घालता लिहितो. भाषांतर प्रमाणित करून घेण्यासाठी कोणाकडे जावे, हेही कोणी सांगेल का?

भाषांतरकार_पुणे
प्रमाणित भाषांतर हा कागदपत्रांचा वेगळा विषय आहे, त्यासाठी कृपया वेगळा धागा काढा. आकड्यांचा मुद्दा मात्र शिरोलीकरांनाही लागू आहे. "१२.५०० मिमी" असे जसेच्या तसे गेले तर जर्मन वाचक ते साडेबारा हजार असे वाचू शकतो.

शिरोलीकर
आभारी आहे. जर्मनमध्ये 'एन्टशेडिगुंग'च आले होते. आता असे लिहिले आहे: "सदोष १८ जॉबच्या जागी आमची कंपनी १८ नवे जॉब १२ जूनच्या खेपेत विनामूल्य पाठवेल. हवाई भाडे कोणी भरायचे, हे तुमची कंपनी आणि आमची कंपनी चर्चा करून ठरवतील." दुसऱ्या यंत्राने परत आणले तेव्हा कोण, किती, केव्हा आणि कोणाच्या खर्चाने या चारही गोष्टी टिकल्या, फक्त "जॉब"चे "काम" झाले, म्हणून मूळ मजकुरातच "कास्टिंग" केले.

एक शंका राहते. "विनामूल्य पाठवेल" यातून दोष आमचा असल्याची लेखी कबुली होते का? ब्लोहोल आमच्याकडचे की त्यांच्या डिझाइनमुळे, हे अजून ठरलेले नाही.

भाषांतरकार_पुणे
तो भाषांतराचा प्रश्न नाही, कराराचा आहे. "दोषाच्या कारणाची तपासणी चालू आहे" हे वाक्य त्याआधी घालता येईल, पण ते पुरेसे आहे का, हे करार पाहिलेल्या वकिलालाच विचारा.