मदत हवी आहे: फुकट मीटिंग 40 मिनिटांत बंद पडते, हिशेब अर्धाच राहतो

चिटणीस_नाइलाज: आमच्या सोसायटीच्या गणपतीची मीटिंग रविवारी रात्री 9 ला झूमवर ठेवली होती, 17 जण. माइक नीट चालतोय का बघायला मी पावणेनऊलाच सुरू करून बसले, मग लोक येता येता सव्वानऊ, आणि खजिनदार वर्गणीचा आकडा सांगायला लागले तेवढ्यात 9:25 ला सगळे बाहेर! 40 मिनिटं कुठे मिळाली मला? पैसे न भरता काही जमतं का?

राउटरवाला: ताई आमच्याकडेही असंच व्हायचं, नेटवाल्याला बोलवून राउटर बदलला.

जुना_होस्ट: राउटर नाही हो, त्यांच्या फुकट प्लॅनची अटच आहे ती, गप्पांना पुरावी पण ऑफिसच्या मीटिंगला कमी पडावी म्हणजे माणूस प्लॅन घेतो. ताई, 40 मिनिटं तुम्हाला पूर्ण मिळाली, फक्त पहिली 15 तुम्ही एकट्याने वापरली. घड्याळ ठरल्या वेळेला नाही, मीटिंग सुरू झाली की चालू होतं. माइक सेटिंगमध्ये आधीच तपासून घ्या आणि मीटिंग 9:05 ला उघडा. शेड्यूल करताना Waiting Room चालू आणि Join before host बंद ठेवा, नाहीतर कोणी उत्साही काका 8:40 ला शिरून घड्याळ चालू करतात.

आत्याची_भाची: दोघांच्या कॉलला लिमिट नसते ना पण? मी आत्याशी तासभर बोललेय.

जुना_होस्ट: आधी नव्हती, 2022 पासून झूमवर दोघांनाही तीच अट. गूगल मीटवर बोलला असाल, तिथे दोघांना एवढी घाई नसते, तिघं झाले की 60 मिनिटं.

चिटणीस_नाइलाज: आमच्या एका मेंबरचा पैसे भरलेला प्लॅन आहे, मध्येच त्याला होस्ट केलं तर?

जुना_होस्ट: उपयोग नाही, मीटिंग ज्याच्या खात्यातून लागली त्याची अट लागते. लिंक त्यालाच बनवू दे, मग प्रश्नच मिटला. ते नसेल जमत तर दोन भाग करा. 9:05 ते 9:40 हिशेब आणि वर्गणी, मग तुम्हीच End meeting for all दाबा, चहा घ्या, 9:50 ला तीच शेड्यूल केलेली लिंक परत उघडा, मग मूर्ती आणि मंडप. आपोआप तुटण्यापेक्षा हे बरं, कारण अर्ध्या वाक्यात तुटलं की ज्येष्ठ मंडळी झोपायलाच जातात. बंद करण्याआधी चॅट कॉपी करून ठेवा, दुसऱ्या भागात ते दिसेलच असं नाही.

रात्रपाळी: लगेच परत उघडली तर 10 मिनिटं थांबा असं येतं म्हणे?

जुना_होस्ट: मला तरी कधी आलं नाही, पण बऱ्याच जणांनी सांगितलंय. म्हणून तर चहाची 10 मिनिटं धरली.

चिटणीस_नाइलाज: बरं, या रविवारी करून बघते. खजिनदारांना आकडे आधी ग्रुपवर टाकायला सांगितलेत, ते म्हणतात वाचूनच दाखवणार.