मदत हवी आहे: सध्याचा पगार विचारल्यावर काय उत्तर द्यावे?

मुक्ता
नमस्कार. मी पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचे काम करते. 2020 मध्ये नोकऱ्या मिळत नव्हत्या तेव्हा मिळेल तो पगार स्वीकारला आणि पुढच्या सगळ्या पगारवाढी त्याच कमी आकड्यावर मोजल्या गेल्या, त्यामुळे आज माझे सीटीसी 9 लाख 60 हजार आहे, तर तेवढ्याच अनुभवाच्या दोन मैत्रिणी 14 लाखांच्या आसपास आहेत. मागच्या आठवड्यात एका कन्सल्टन्सीतून फोन आला. ‘करंट सीटीसी किती?’ या प्रश्नाला मी ‘ते सांगू इच्छित नाही’ असे उत्तर दिले आणि संभाषण तिथेच संपले. परवा एका कंपनीच्या एचआरचा फोन येणार आहे. मला खोटे बोलायचे नाही, पण आकडा कळताच ‘त्यावर 30 टक्के देऊ’ असे म्हणून विषय संपवला जाईल, याची भीती वाटते. नेमके काय बोलावे?

कॅलिफोर्नियाकर
हा प्रश्न विचारणेच बेकायदेशीर आहे. आमच्याकडे 1 जानेवारी 2018 पासून उमेदवाराला आधीचा पगार विचारता येत नाही. तुम्ही ठामपणे नकार द्या.

बारा वर्षे भरतीत
कॅलिफोर्नियाबद्दल ते बरोबर आहेत, पण भारतात अशी बंदी नाही, त्यामुळे कायद्याचा आधार घेऊन बोलल्यास समोरचा माणूस फक्त नाराज होईल.

फोनवरच्या व्यक्तीसमोर बहुधा एक तक्ता असतो आणि त्यात सध्याचे सीटीसी, अपेक्षित सीटीसी आणि नोटीस पिरियड हे तीन रकाने भरल्याशिवाय तिला तुमचा बायोडेटा पुढे पाठवता येत नाही. म्हणून कोरा नकार अडवणूक वाटतो. तिला दुसरा रकाना आधी भरून द्या: ‘या जबाबदारीसाठी माझी अपेक्षा साडेतेरा ते साडेचौदा लाख फिक्स्ड आहे, ते आपल्या बजेटमध्ये बसते का?’ बजेट जुळत असेल तर अनेकदा पुढचा प्रश्न सौम्य होतो. तरीही दुसऱ्यांदा विचारले, तर टाळू नका. खरा आकडा द्या आणि त्याच वाक्यात कारणही द्या: ‘फिक्स्ड आणि व्हेरिएबल मिळून 9.6 आहे, पण तो 2020 च्या बाजारात ठरलेल्या पगारावरून आला आहे, म्हणून माझी अपेक्षा या कामाच्या आजच्या दरावर आहे.’ तिसऱ्यांदा टाळणे म्हणजे काहीतरी लपवले जात आहे, असा अर्थ काढला जातो.

कन्सल्टन्सी आणि कंपनीचा एचआर यांत फरक आहे. कन्सल्टन्सीची फी बहुतेकदा तुमच्या नव्या वार्षिक पगाराच्या टक्केवारीत असते, 8.33 टक्के म्हणजे एक महिन्याचा पगार हा प्रचलित दर आहे, त्यामुळे तुमचा पगार पाडण्यात त्यांचा फायदा नसतो. त्यांना फक्त बजेटबाहेरचा उमेदवार पाठवायचा नसतो. कंपनीच्या एचआरला मात्र बजेट वाचवायचे असते, म्हणून परवाच्या फोनवर आधी अपेक्षा बोला.

शैलेश
मी तर पीएफ, विमा, जेवणाची कुपने असे सगळे जोडून 2 लाख जास्त सांगितले होते आणि काम झाले.

बारा वर्षे भरतीत
आपल्याकडे पगारपत्रके मागितली नसतील, पण बहुतेक ठिकाणी शेवटच्या तीन महिन्यांची मागतात, शिवाय फॉर्म 16 असतोच. सीटीसीमध्ये जे खरोखर धरलेले आहे, ते जोडणे चालते, पण कुपने दोनदा मोजली तर पडताळणीत ऑफर रद्द होते. असे प्रकार मी स्वतः हाताळले आहेत.

वसुधाताई
सध्याच्या कंपनीतच पगारवाढ मागून पाहा की.

मुक्ता
वसुधाताई, ते दोनदा करून झाले. माझा प्रश्न नव्या कंपनीशी बोलण्यापुरता आहे.

काल नियुक्तीपत्र काढून हिशेब केला. 9,60,000 मध्ये व्हेरिएबल 96,000 आहे. बेसिक महिना 32,000, म्हणून कंपनीचा पीएफ वर्षाला 46,080 आणि ग्रॅच्युइटी सुमारे 18,470, विम्याचे 12,000. हे सर्व वजा केल्यावर महिन्याला साधारण 65,600 उरतात आणि माझा पीएफ व व्यवसाय कर कापून हातात 61,600 च्या आसपास येतात. म्हणजे मी ‘हातात किती येतात’ ते सांगितले असते, तर त्याला बारा महिन्यांनी गुणून साडेसात लाखांच्या आतला आकडा तक्त्यात गेला असता.

बारा वर्षे भरतीत
अगदी हीच चूक सर्वाधिक होते. आकडा नेहमी वार्षिक सीटीसीमध्ये द्या आणि त्यातले व्हेरिएबल वेगळे सांगा, कारण नव्या ऑफरमध्येही फिक्स्ड किती, हे तुम्हाला विचारायचे आहेच.

मुक्ता
ऑफर हाती येण्याआधीच पगारपत्रके मागितली तर?

बारा वर्षे भरतीत
मी ‘ऑफरचा आकडा ठरला की लगेच देते’ असे सांगायला सुचवेन, आणि तोपर्यंत तोंडी दिलेला आकडा खरा असल्यामुळे तुम्हाला घाबरण्याचे कारण नाही.

शैलेश
माझ्या मित्राने नेमके हेच सांगितले आणि त्याची प्रक्रिया थांबवली गेली.

बारा वर्षे भरतीत
काही कंपन्यांत तसा नियमच असतो, तेथे हे चालणार नाही. मग पगारपत्रके द्यायची की ती संधी सोडायची, हे हातात दुसरी ऑफर आहे की नाही त्यावर ठरवावे लागते.

मुक्ता
दुसरी ऑफर सध्या नाही. परवाचा फोन झाला की काय बोलणे झाले ते इथे लिहिते.