शब्दचर्चा: 'फॉस्फोरिलेशन कॅस्केड'ला मराठीत काय म्हणायचं?

अक्षरवेडी:
बारावीच्या मुलांसाठी पेशीवर मराठीत टिपणं लिहितेय. प्रसंग साधाच घेतलाय, अंगावर कुत्रं धावून आलं, अॅड्रेनालिन रक्तात सुटलं, ते यकृताच्या पेशीपाशी पोचलं आणि पेशीने साठवलेलं ग्लायकोजेन तोडून ग्लुकोज रक्तात सोडलं. आता मधल्या भानगडीत तीन शब्दांवर गाडी अडलीय. रिसेप्टरला कुणी ग्राहक म्हणतं कुणी ग्राही. सेकंड मेसेंजरला 'दुय्यम संदेशवाहक' असं एका ठिकाणी वाचलं. आणि फॉस्फोरिलेशन कॅस्केडला साखळी, शृंखला, प्रपात, काय वाट्टेल ते. तुम्ही काय वापरता?

मोडीवाचक:
ग्राही घ्या डोळे मिटून. ग्राहक म्हटलं की दुकान आठवतं. दुय्यम मात्र अजिबात नको! दुय्यम म्हणजे हुद्द्याने खालचा, दुय्यम निबंधक असतो तसा. कॅस्केडला प्रपात म्हणा, वरून खाली कोसळतं तो अर्थ येतो.

रसायनराव:
प्रपात कशाला, साखळी बरोबर आहे की. फॉस्फेटचा गट पहिल्या प्रथिनावर बसतो, ते दुसऱ्याला देतं, दुसरं तिसऱ्याला, असं करत शेवटच्या एन्झाइमपर्यंत पोचतं. हातोहात. म्हणून साखळी.

सांगलीकर:
मी तर सिग्नल, रिसेप्टर वाचून टाटा स्कायचा विषय समजून धागा उघडला 😀 पण आलोच आहे तर विचारतो. मला दमा आहे, पंप घेतला की श्वास मोकळा होतो पण हात थरथरतात आणि छातीत धडधडतं. मेडिकलवाला म्हणाला त्यातलं औषध अॅड्रेनालिनच्या भावकीतलं आहे. याचा तुमच्या विषयाशी संबंध आहे का?

जुनी प्रयोगशाळा:
सांगलीकर, संबंध आहे, येतो तिकडे. आधी रसायनराव, कारण शब्द कोणता घ्यायचा ते तिथेच ठरणार आहे.

फॉस्फेट हातोहात जात नाही हो. यकृताच्या पेशीत काय होतं बघा. प्रोटीन कायनेज ए नावाचं एन्झाइम जागं झालं की ते फॉस्फोरिलेज कायनेज नावाच्या दुसऱ्या एन्झाइमवर फॉस्फेट बसवतं, पण तो फॉस्फेट ते स्वतःच्या अंगावरचा काढून देत नाही, एटीपीचा घेतं. मग हे दुसरं जागं झालं की तेही नवीन एटीपी घेतं आणि ग्लायकोजेन फॉस्फोरिलेजच्या १४ व्या जागेवरच्या सेरीनवर नवा फॉस्फेट बसवतं. आता हे फॉस्फोरिलेज ग्लायकोजेनच्या टोकापासून एकेक ग्लुकोज सोडवत सुटतं. म्हणजे पुढे जातं ते जागं करण्याचं काम, वस्तू नाही. आणि एक जागं झालेलं एन्झाइम बंद होईपर्यंत खालच्या पायरीची कितीतरी प्रथिनं जागी करतं, म्हणून तर इतका थोडा हार्मोन पुरतो. साखळीत एका कडीला एकच कडी अडकते, हा पसरत जाण्याचा अर्थ त्यात येत नाही.

तुम्ही म्हणताय तसं हातोहात बॅक्टेरियात होतं बरं का. तिथे बाहेरची खबर ओळखणारं प्रथिन आधी स्वतःच्या हिस्टिडीनवर फॉस्फेट घेतं आणि तोच फॉस्फेट पुढच्या प्रथिनाच्या अॅस्पार्टेटवर जातो. ते खरं हस्तांतर.

रसायनराव:
मी तेच वाचलं होतं कुठेतरी, बॅक्टेरियाचंच असणार. पण मग उलटं विचारतो, फॉस्फेट बसला की एन्झाइम चालू आणि काढला की बंद, एवढं तरी सरसकट धरायचं ना? आणि अॅड्रेनालिन आत शिरून पहिल्या कायनेजला चिकटतं हेही बरोबर ना?

जुनी प्रयोगशाळा:
दोन्हीला नाही 🙂

त्याच वेळी तेच कायनेज ए ग्लायकोजेन सिंथेजवरही फॉस्फेट बसवतं, आणि त्याने ते मंदावतं. बरोबरच आहे, एकीकडे ग्लायकोजेन तोडायचं आणि दुसरीकडे बांधत बसायचं हे परवडणार नाही. त्यामुळे अक्षरवेडी ताई, टिपणात 'फॉस्फेट म्हणजे चालू' असं चुकूनही लिहू नका, मुलं तेवढंच पाठ करतात.

आणि अॅड्रेनालिन आत शिरतच नाही. कॉर्टिसॉलसारखी चरबीत विरघळणारी हार्मोन्स आत जातात, त्यांचे ग्राही आतच असतात. अॅड्रेनालिन बाहेरच्या बाहेर ग्राहीवर बसतं आणि तिथूनच सुटून जातं. हे कसं कळलं ती गोष्ट सांगण्यासारखी आहे, सेकंड मेसेंजर हे नावही त्यातूनच समजतं.

१९५० च्या दशकात अर्ल सदरलँड आणि थिओडोर रॉल यकृत वाटून त्याच्या काल्यावर काम करत होते. काल्यात अॅड्रेनालिन टाकलं की फॉस्फोरिलेज जागं व्हायचं. मग त्यांनी काला सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशीच्या पापुद्र्यांचा गाळ खाली बसवला आणि वरचं नितळ पाणी वेगळं घेतलं. फॉस्फोरिलेज त्या पाण्यातच होतं, पण आता अॅड्रेनालिन टाकून ढिम्म काही होईना. मग गाळ घेतला, त्यात अॅड्रेनालिन आणि एटीपी घातलं, थोडा वेळ ठेवलं, उकळलं, आणि उकळलेल्याचं वरचं पाणी त्या नितळ भागात ओतलं. फॉस्फोरिलेज जागं झालं! उकळल्यावर प्रथिनं टिकत नाहीत, म्हणजे काम करणारी चीज प्रथिन नव्हती, छोटासा रेणू होता, गाळात तयार झालेला. तो निघाला सायक्लिक एएमपी. अॅड्रेनालिन पहिला निरोप्या, दारापर्यंतच येणारा, आणि हा आतला, दुसरा. याच कामाबद्दल सदरलँडना १९७१ चं नोबेल मिळालं. तर 'सेकंड' हा क्रम आहे, हुद्दा नाही, त्या बाबतीत मोडीवाचकांशी शंभर टक्के सहमत.

अक्षरवेडी:
हे वाटलेल्या यकृताचं मी टिपणात घेणार, मुलांना एटीपी-बीटीपीपेक्षा हे लक्षात राहील. 'दुसरा संदेशवाहक' लिहिते मग. फक्त संदेशवाहक आरएनए आधीच्याच प्रकरणात येऊन गेलाय, पोरं दोघांची सरमिसळ करणार नाहीत का?

मोडीवाचक:
करणारच. 'दुसरा निरोप्या' म्हणा मग.

रसायनराव:
निरोप्या बोर्डाच्या पेपरात चालणार नाही 😂

सांगलीकर:
माझ्या पंपाचं राहिलं बरं का.

जुनी प्रयोगशाळा:
आलो. पंपात बहुधा साल्बुटामॉल असेल. ते ज्या ग्राहीवर बसतं त्याचं नाव बीटा-२. तो श्वासनळीच्या स्नायूंवर असतो, तिथेही आत सायक्लिक एएमपी वाढतं, तेच कायनेज ए जागं होतं, पण त्या पेशीत त्याच्या हाताशी प्रथिनं वेगळी, म्हणून तिथे स्नायू सैल पडतो आणि नळी मोकळी होते. निरोप तोच, घर वेगळं. हाताच्या स्नायूंवरही बीटा-२ असतात, औषधाचा थोडा अंश रक्तात गेला की तिथे थरथर होते, आणि हृदयावरही अशाच ग्राहींमुळे धडधड. पंप पूर्वीपेक्षा जास्त वेळा लागायला लागला असेल तर मात्र डॉक्टरांना सांगा, ते इथे विचारायचं काम नाही.

सांगलीकर:
सांगतो. पण मला एक कळलं नाही, हे सगळं चालू झालं की बंद कोण करतं? थरथर काही तासांत आपोआप जाते.

जुनी प्रयोगशाळा:
हा प्रश्न सगळ्यात भारी. प्रत्येक पायरीला बंद करणारं वेगळं कुणीतरी असतं. फॉस्फेट काढायला फॉस्फटेज, सायक्लिक एएमपी मोडायला फॉस्फोडायएस्टरेज. पण बघण्यासारखं आहे ते ग्राहीच्या खालचं जी-प्रथिन. अॅड्रेनालिन बसलं की ग्राही वळतो आणि त्याच्या आतल्या अंगाचं जी-प्रथिन आपल्याकडचा जीडीपी टाकून जीटीपी घेतं, त्याचा एक तुकडा सुटून सायक्लिक एएमपी बनवणाऱ्या एन्झाइमला, म्हणजे अॅडेनायलिल सायक्लेजला, जाऊन चिकटतो. हा तुकडा स्वतःच तो जीटीपी हळूहळू तोडतो, आणि तोडला की स्वतःच बंद पडतो. म्हणजे चालू होतानाच बंद व्हायची वेळ लावून ठेवलेली.

ही वेळ बिघडली तर काय होतं ते कॉलऱ्यात दिसतं. कॉलऱ्याचं विष आतड्याच्या पेशीत शिरून नेमकं त्याच तुकड्यावर एक लेप चढवतं, मग त्याला जीटीपी तोडताच येत नाही. ग्राहीवर कुणी बसलेलं असो नसो, सायक्लिक एएमपी बनतच राहतं, कायनेज ए जागंच राहतं, क्लोराइडची दारं उघडी राहतात आणि क्लोराइडमागून सोडियम, त्यांच्या मागून पाणी, तांदळाच्या पेजेसारखे जुलाब. तासाला लिटरभरसुद्धा पाणी जाऊ शकतं. कॉलऱ्याचे जंतू नसले तरी त्यांच्या विषारी द्रवाने एकट्याने हे घडतं, हे १९५९ मध्ये कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा बांधून दाखवलं होतं. ओआरएस चालतं ते याच्यामुळेच, ग्लुकोजबरोबर सोडियम आत ओढणारं दार या बिघाडात शाबूत असतं, आणि त्यांच्या मागून पाणीही आत येतं.

मोडीवाचक:
मग प्रपातच योग्य. एकदा सुटला की खाली येणारच.

जुनी प्रयोगशाळा:
तिथेच मला प्रपात खटकतो. एक तर प्रत्येक पायरीवर बंद करणारा असतो, मध्येच थांबतं. दुसरं, प्रत्येक पायरीवर पसारा वाढतच जातो असंही नाही, पुस्तकातल्या चित्रात एकाचे दहा दहाचे शंभर असं छान काढतात पण कायनेज ए च्या पायरीला उलट आहे. ते झोपलेलं असताना चार तुकड्यांचं असतं, दोन लगाम धरणारे आणि दोन काम करणारे. चार सायक्लिक एएमपी लगामांवर बसले तेव्हा कुठे दोन कामकरी सुटतात. म्हणजे चाराचे दोन! सायक्लेज भरपूर बनवतं म्हणून एकूण हिशोब वाढीचा राहतो एवढंच.

मी शिकवताना 'उतरती फळी' म्हणतो, पण पुस्तकात ते हास्यास्पद दिसेल हे मान्य.

रसायनराव:
मी साखळीच लिहिणार. शिक्षकांना तेच माहीत आहे, पेपरात तेच येतं.

अक्षरवेडी:
मी कॅस्केडच ठेवतेय, खाली तीन ओळींत तुम्ही सांगितलंत ते. पण जुनी प्रयोगशाळा सर, एक शंका. पंपानेही सायक्लिक एएमपी, अॅड्रेनालिननेही तेच, कॉलऱ्यातही तेच. वेगवेगळ्या पेशी म्हणून परिणाम वेगळे हे पटलं. पण एकाच पेशीत दोन वेगळ्या हार्मोन्सनी सायक्लिक एएमपी वाढवलं तर? पेशीला कळणार कसं कुणाचा निरोप आहे?

जुनी प्रयोगशाळा:
यावर अजून भांडतात लोक. सशाच्या हृदयात हे मोजलं गेलंय, अॅड्रेनालिनसारख्या औषधाने आणि प्रोस्टाग्लँडिन ई-१ ने दोन्हींनी सायक्लिक एएमपी वाढतं, पण फॉस्फोरिलेज जागं होतं ते पहिल्यानेच. म्हणजे सगळं सायक्लिक एएमपी पेशीभर मोकळं हिंडत नसावं. कायनेज ए ला ठरावीक जागी खिळवून ठेवणारी प्रथिनं सापडली आहेत, फॉस्फोडायएस्टरेजही जवळच बसलेलं असतं, त्यामुळे निरोप त्या कोपऱ्यातच संपतो असं दिसतं. पण इतका छोटा रेणू इतक्या छोट्या जागेत अडतो कसा, याचा हिशोब सगळ्यांचा एकसारखा लागत नाही.

मोडीवाचक:
मग जो कोपऱ्याबाहेरच जात नाही तो संदेशवाहक कसला?