भारित बेरजेतून निसटणारा मार्ग
«तासाची किंमत शून्यापासून वाढवत नेली की सगळे नॉन-डॉमिनेटेड मार्ग मिळतात ना?»

सगळे मिळतातच असे नाही. नॉन-डॉमिनेटेड म्हणजे ज्याच्यापेक्षा दुसरा कोणताही मार्ग स्वस्तही आणि वेगवानही नाही, असा मार्ग. तासाची किंमत ठरवून खर्चात तास गुणिले ती किंमत मिळवली की भारित बेरीज होते, आणि ती सर्वांत कमी असलेला मार्ग निवडला जातो. समजा, सोलापूरहून चादरींचे गठ्ठे पुण्याला नेण्याचे तीन मार्ग आहेत: ६ तास व ४००० रुपये, ८ तास व २९०० रुपये, ९ तास व २००० रुपये. मधल्या मार्गाला पहिल्यावर मात करायला तासाची किंमत ५५० रुपयांखाली हवी आणि तिसऱ्यावर मात करायला ९०० च्या वर, त्यामुळे भारित बेरीज तो कधीच निवडणार नाही. व्यापाऱ्याला माल ८ तासांत हवा असेल, तर मात्र नेमका हाच सर्वांत स्वस्त. म्हणून वेळेला मर्यादा घालून किमान खर्च शोधावा, आणि त्यासाठी प्रत्येक नाक्यावर एकच आकडा न ठेवता खर्च-वेळेच्या जोड्या ठेवून, दुसरी एखादी जोडी जिच्यापेक्षा स्वस्तही आणि वेगवानही आहे, तेवढीच खोडावी.